पिठाचा अंदाज चुकतो तेव्हा

धाकट्याला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये त्याला बसवून दिलं. सोबत सोलापुरी चादर, शेंगाचटणीचा डबा नि कडक भाकरीचं पुडकं. थोरली लग्न होऊन आधीच गेलेली. घरी येऊन स्वयंपाकाला लागले, नि पाहते तो काय, सात भाकऱ्या थापून झालेल्या! खाणारी माणसं दोन. उरलेल्या भाकऱ्या उन्हात वाळवल्या नि त्यांच्याकडे बघत बसले.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता काय बाई, मोकळ्या झालात!" मैत्रिणींनो, हेच वाक्य तुम्हालाही कुणीतरी ऐकवलं असेल, नि तेच नेमकं टोचलं असेल.

पहिले पंधरा दिवस मी काय केलं सांगू? दिवसातून चारदा फोन. "जेवलास का?" त्याचं उत्तर रोज तेच, "हो गं आई." शेवटी तो फोन घेईनासा झाला, तेव्हा उमगलं. त्याची आठवण दिवसभर सारखी येत नव्हती. ती यायची सकाळी सहा ते आठ, म्हणजे त्याच्या डब्याच्या वेळी, आणि संध्याकाळी तो घरी यायच्या सुमाराला. वीस वर्षं या घटकांना काम बांधलेलं होतं. मूल गेलं, तसं ते कामही गेलं. तुमच्या घरी त्या घटका कोणत्या, ते आधी बघा. सगळा दिवस भरायला जाऊ नका. ती एकच वेळ भरा. फोन मात्र रात्री जेवणानंतर, एकदाच.

माझ्या सकाळच्या वेळेत मी गाणं ठेवलं. लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्या होत्या, प्रवेशिका पूर्णपर्यंत. पेटी माळ्यावर होती. खाली काढली तर भात्यातून हवा जात होती, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या, नि आत झुरळांचं बिऱ्हाड! तुमचीही पेटी अशी पडून असेल, तर घरी उघडून सुरांच्या पितळी पात्यांना हात लावू नका. पातं जरा वाकलं की सूर बिघडतो. दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या.

खरी फजिती पुढेच. पूर्वी मी काळी पाचमध्ये गायची. तीच पट्टी धरली, वरच्या सा ला गेले नि आवाज फाटला. डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, हेही गेलं. पण वयानं, विशेषतः पाळी थांबायच्या सुमारास, बायकांचा आवाज थोडा खाली उतरतोच. पट्टी खाली घ्यायची, एवढंच. ओळखायचं कसं? खालचा पंचम ऐकू येईल इतपत लागला पाहिजे, नि वरचा गंधार मान न ताणता. मी एकेक पट्टी उतरत काळी तीनवर आले, तेव्हा गळा सुटला.

मग दहा मिनिटं नुसता सा, खर्जाकडे हळूहळू उतरत. त्यानंतर भूपाचे अलंकार, अगदी संथ. त्यात मध्यम-निषाद नाहीत, म्हणून नव्यानं धरायला तो सोपा. तंबोरा नसला तर मोबाइलवरचा चालतो. एकूण अर्धा तास पुरे. घसा खवखवला की तिथंच थांबायचं. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

दोन महिने मला काहीच येत नव्हतं. जुन्या ताना आठवत, पण गळा ऐकेना. इथंच बऱ्याच जणी सोडून देतात. जिथं सोडलं होतं, तिथूनच सुरू करायचा हट्ट नडतो. भरतकाम असो वा चित्रं, दोन इयत्ता खाली उतरा. परीक्षा पुन्हा द्यायची असेल, तर जुनं प्रमाणपत्र घेऊन जवळच्या परीक्षा केंद्रावर चौकशी करा.

एक मात्र सांगते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन रमत नसेल, तर "मुलाची आठवण" म्हणून अंगावर काढू नका. ते आजारपणही असू शकतं. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा.

दिवाळीला धाकटा आला. सकाळी झोपेतून उठून दारात उभा राहिला. "आई, हे रोज चालतं?" मी म्हटलं, "रोज. डबा हवा असेल तर आठनंतर." हसला नि तिथंच चादर पांघरून ऐकत बसला.

भाकरीचं पीठ अजून कधीकधी जास्तच मळलं जातं. मळू दे. कडक भाकरी करायला आपल्या सोलापुरात ऊन काही कमी नाही.