क्रोमवर जे दिसतं ते क्रोम नसतंच! बाइकच्या जाहिरातीचा एआय प्रॉम्प्ट नेमका कुठे फसतो?

चकाचक क्रोम, दमदार इंजिन, रुबाबात बसलेला रायडर आणि मागे संध्याकाळचा शहरी रस्ता. बाइकच्या जाहिरातीसाठी एआयकडून फोटो बनवून घेण्याचे प्रॉम्प्ट सोशल मीडियावर भरपूर फिरतात आणि बहुतेकांचा साचा हाच असतो. शेवटी 'अल्ट्रा रिअ‍ॅलिस्टिक', 'सिनेमॅटिक' असे दोन-चार शब्द जोडलेले असतात. प्रॉम्प्ट कॉपी केला, पेस्ट केला की मिनिटभरात फोटो तयार. पहिल्या नजरेत तो झकास वाटतो.

मग एखादा बाइकवेडा मित्र झूम करतो. सायलेन्सर कुठूनच सुरू होत नाही. इंजिनाला दोन सिलिंडर आहेत, पण पाइप एकच. रायडरचा पाय हवेत आहे. आणि टाकीवर असा सूर्यास्त चमकतोय, जो तिथे दिसणं शक्यच नाही.

हौसेचा फोटो असेल तर हसून सोडून देता येतं. पण समजा, जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या एखाद्या गॅरेजवाल्याला याच फोटोवर गिऱ्हाईक आणायचं आहे. ज्याला गाडीतलं कळतं तोच त्याचा गिऱ्हाईक, आणि चूक सगळ्यात आधी त्याच्याच डोळ्यात भरते. म्हणून या प्रॉम्प्टमधली एकेक गोष्ट सुटी करून पाहू. सुरुवात क्रोमपासून, कारण घोळ तिथेच जास्त होतो.

क्रोमला स्वतःचा रंग नसतो

क्रोमचा मुलामा दिलेला सायलेन्सर म्हणजे गोल वळवलेला आरसा. तो चंदेरी दिसतो असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात त्यावर दिसतं ते फक्त आजूबाजूचं. वर आकाशाचा उजळ पट्टा, खाली रस्त्याचा गडद पट्टा, आणि दोघांच्या मधे क्षितिजाची काळपट रेघ. नळीचा आकार गोल असल्यामुळे सगळं दृश्य दाबलं जाऊन लांबट पट्ट्यांसारखं उमटतं. या उजळ-गडद पट्ट्यांमुळेच आपल्या डोळ्याला 'हा धातू आहे' असं कळतं. पट्टे नसतील तर तोच सायलेन्सर राखाडी प्लास्टिकसारखा दिसतो.

बाइकचे फोटो काढणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. स्टुडिओत ते गाडीवर थेट दिवा मारत नाहीत. गाडीच्या बाजूला मोठा पांढरा पडदा उभा करतात आणि कडेला काळे बोर्ड लावतात, म्हणजे क्रोममध्ये काय दिसणार हे तेच ठरवतात.

यातूनच प्रॉम्प्टचा पहिला नियम निघतो. 'चमकदार क्रोम' लिहून फारसं काही साधत नाही. क्रोममध्ये काय दिसतंय ते लिहायला हवं. आणि कॅमेऱ्याकडे तोंड असलेल्या क्रोममध्ये मुख्यतः दिसतं ते कॅमेऱ्याच्या मागचं दृश्य, म्हणजे फोटोत न आलेलं जग. प्रॉम्प्टमध्ये आपण बाइकच्या मागचं सगळं वर्णन करतो आणि कॅमेऱ्यामागे काय आहे याबद्दल एक शब्दही लिहीत नाही. मग एआय ती रिकामी जागा स्वतःच्या मनाने भरतं. बहुतेकदा मागचा केशरी सूर्यास्तच उचलून पुढच्या बाजूच्या सायलेन्सरवर फासतं.

मरीन ड्राइव्हवर उभं राहून पाहू

नुसतं 'शहरातला रस्ता' लिहिलं तर कुठलंही शहर येतं, बऱ्याचदा उजव्या बाजूने गाड्या चालवणारं परदेशी शहर. म्हणून खरी जागा घेऊ: मुंबईचा मरीन ड्राइव्ह.

आपल्याकडे रस्त्याच्या डावीकडून गाड्या चालतात. त्यामुळे समुद्राच्या कडेच्या मार्गिकेवर नरिमन पॉइंटकडून गिरगाव चौपाटीकडे जाणाऱ्या गाड्या असतात. या गाडीच्या डाव्या हाताला समुद्र आणि पश्चिमेचं आकाश, तर उजव्या हाताला दुभाजक आणि पलीकडे इमारतींची रांग. आता कॅमेरा दुभाजकाच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर ठेवला तर गाडीची उजवी बाजू दिसेल आणि पुढचं चाक फोटोत उजवीकडे असेल. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडेच असतो, त्यामुळे जाहिरातीसाठी ही बाजू सोयीची.

इथे प्रकाश कसा पडेल? मावळतीचं आकाश गाडीच्या मागे आहे. त्यामुळे केशरी उजेडाची फक्त एक बारीक कड रायडरच्या खांद्यावर, हेल्मेटवर आणि टाकीच्या वरच्या वळणावर दिसेल. कॅमेऱ्याकडच्या सायलेन्सरवर मात्र इमारतींच्या उजळलेल्या खिडक्या, रस्त्यावरचे दिवे आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट लांबट ठिपक्यांसारखे उमटतील. सायलेन्सरचा खालचा भाग डांबरासारखा काळा असेल. प्रॉम्प्टमध्ये हेच जसंच्या तसं लिहायचं.

वेळही नेमकी सांगावी लागते. 'संध्याकाळ' म्हटलं की एआय हटकून भडक केशरी सूर्य काढतं. जाहिरातीतला तो खास निळसर उजेड सूर्य बुडाल्यानंतरचा, दिवेलागणीचा असतो. मुंबईत तो जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. तेवढ्या वेळात आकाशाचा उजेड आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड साधारण सारख्या जोराचे असतात, म्हणून दोन्ही फोटोत नीट येतात. दिव्यांचा रंगही लिहा, पिवळा की पांढरा. मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा 'क्वीन्स नेकलेस'ची शोभा गेली म्हणून केवढा वाद झाला होता! रंग सांगितला नाही तर क्रोमवरच्या ठिपक्यांचा रंगही एआयच ठरवणार.

जागा निवडताना आणखी एक खबरदारी. एआयला 'मुंबई' म्हटलं की त्याला वांद्रे-वरळी सी लिंक फार आवडतो. पण तिथे दुचाकींना बंदी आहे, कोस्टल रोडवरही आहे. जाहिरातीत बाइक सी लिंकवर पळताना दिसली की मुंबईकर कमेंटमध्ये काय लिहितील, ते सांगायला नको.

इंजिन मोजून पाहा

'तपशीलवार इंजिन' लिहिलं की एआय तपशील वाढवतं: जास्त नळ्या, जास्त बोल्ट, जास्त वायरी. त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. एआयने लाखो चित्रांमधून इंजिन कसं दिसतं ते शिकलेलं असतं. धूर सिलिंडरमधून निघून पाइपातून सायलेन्सरमध्ये जातो, हे काही त्याला मेकॅनिकसारखं ठाऊक नसतं. शिवाय यातली अनेक मॉडेल्स चित्र आधी लहान, दाबलेल्या रूपात तयार करतात आणि मग मोठं करतात. बारीक तारा, स्पोक आणि अक्षरं तिथेच बिघडतात.

उपाय म्हणजे इंजिनाचा प्रकार सांगणं. एक सिलिंडर, हवेने थंड होणारं, सिलिंडरवर आडव्या पातळ फिन्स, समोरून निघणारा एकच पाइप जो खाली वळून उजव्या बाजूच्या सायलेन्सरला मिळतो. एवढं पुरे. त्यात रेडिएटर मागू नका, तो पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला लागतो.

फोटो आला की बोट ठेवून पाइपाचा माग काढा: सिलिंडरपासून सायलेन्सरच्या टोकापर्यंत तो कुठे तुटतो का? सिलिंडर किती आणि पाइप किती? उजव्या बाजूला मागच्या ब्रेकचं पेडल असायला हवं, गिअरचा लिव्हर आजच्या गाड्यांत डावीकडे असतो.

रायडर कसा बसलाय?

बसण्याची ढब तीन जागांवरून ठरते: हँडल, सीट आणि पाय ठेवायची जागा. क्रूझर गाडीत पाय पुढे असतात आणि पाठ सरळ. स्पोर्ट्स बाइकवर पाय मागे, अंग पुढे झुकलेलं, गुडघे टाकीला चिकटलेले. साध्या रोडस्टरमध्ये पाय जवळजवळ कमरेखाली, कोपर थोडे वाकलेले. नुसतं 'रुबाबदार पोझ' लिहिलं की एआय क्रूझरवर रेसरला बसवतं. त्यामुळे तिन्ही जागा लिहा, आणि नजर पुढच्या रस्त्यावर आहे हेही लिहा. कॅमेऱ्याकडे बघत गाडी चालवणारा रायडर ही जुनीच खोड आहे.

गाडी धावतेय की उभी आहे, तेही ठरवा. धावत असेल तर मागचं दृश्य आडवं फराटलेलं आणि स्पोकही फिरताना धूसर, पण गाडीचा सांगाडा स्पष्ट. उभी असेल तर एक पाय जमिनीवर. मागचं फराटलेलं आणि स्पोक मात्र एकेक मोजता येतात, असा फोटो आला की समजा गडबड आहे.

हेल्मेट, तेही पट्टा लावलेलं, विसरू नका. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था एएससीआयच्या नियमांनुसार वाहनांच्या जाहिरातीत वाहतुकीचे नियम मोडताना दाखवता येत नाही.

हे सगळं एकत्र केलं तर प्रॉम्प्ट असा होतो:

```
मोटरसायकलच्या जाहिरातीचा फोटो. मुंबईचा मरीन ड्राइव्ह,
सूर्य मावळून पंधरा मिनिटं झालेली. गाडी उजव्या बाजूने
दिसते, पुढचं चाक फोटोत उजवीकडे. मागे समुद्र, क्षितिजावर
केशरी, वर गडद निळं आकाश. एक सिलिंडर, आडव्या फिन्स,
एकच पाइप उजव्या सायलेन्सरला जोडलेला. सायलेन्सरच्या
क्रोममध्ये कॅमेऱ्यामागच्या इमारतींच्या खिडक्या आणि पिवळे
दिवे, खालचा भाग काळा. केशरी उजेड फक्त वरच्या कडांवर.
रायडर ताठ, कोपर किंचित वाकलेले, पाय कमरेखाली, नजर
रस्त्यावर, हेल्मेटचा पट्टा लावलेला. स्पोक धूसर.
टाकीवर नाव किंवा लोगो नाही.
```

जेमिनी किंवा चॅटजीपीटीला मराठी प्रॉम्प्ट समजतो. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना मात्र तो इंग्रजीत आणि बराच आखडून द्यावा लागतो, कारण त्या एका वेळी ७७ टोकन, म्हणजे शब्दांचे तेवढेच तुकडे वाचतात.

पहिल्याच खेपेला सगळं जमेल असं नाही. एका वेळी एकच चूक सुधारायला सांगा. आधी पाइप, मग क्रोम. सात-आठ दुरुस्त्यांनंतर फोटो गुळगुळीत वाटायला लागला, तर मूळ चांगल्या फोटोवर परत या आणि तिथून पुढे चला.

पण गाडी कोणाची?

आता परत आपल्या गॅरेजवाल्याकडे. तो एक ठरावीक जुनी गाडी विकतोय आणि प्रॉम्प्टमधून निघालेली गाडी ती नाहीच. तिच्या सायलेन्सरवर गंज नाही, टाकीला पोचा नाही. गिऱ्हाईक फोटो पाहून आला आणि प्रत्यक्षात वेगळीच गाडी निघाली, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'दिशाभूल करणारी जाहिरात' कशाला म्हणायचं याची व्याख्या दिलेली आहे.

त्याच्यासाठी रस्ता वेगळा आहे. गाडीचा खरा फोटो उजव्या बाजूने, ढगाळ उजेडात काढायचा, तो एआयला द्यायचा आणि गाडीला हात न लावता फक्त मागचा रस्ता बदलायला सांगायचं. तरीही क्रोम पुन्हा तपासावं लागतंच, कारण रस्ता मरीन ड्राइव्हचा आला तरी सायलेन्सरमध्ये अजून गॅरेजचं शटर आणि फोटो काढणारा माणूस दिसत असतो. तेवढा भाग बदलून घ्यायचा. पोचा मात्र तसाच ठेवायचा, आणि पोस्टमध्ये लिहायचं की पार्श्वभूमी एआयने केली आहे, गाडी खरी आहे.