रेंडरची शेवटची मजल (भाग 6) : पाटी, हँडल आणि खिडक्या

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं, की लहान रेंडर एआय अपस्केलरमधून चौपट मोठं केलं की दगडाची भिंत, झाडाची पालवी, रस्त्याचं डांबर बहुतेक वेळा खुलून येतं. तेच चित्र तीन ठिकाणी मात्र हमखास बिघडतं : दुकानाची पाटी, दाराचं हँडल आणि खिडक्यांची रांग. आजचा भाग या तीन जागांचा.

उदाहरण म्हणून कोल्हापुरातल्या राजारामपुरीत शोभेल अशी एक इमारत घेऊ. तळमजल्यावर दुकानं, वर सदनिकांचे तीन मजले, दर्शनी भाग 24 मीटर रुंद. रेंडर 1920 बाय 1080 पिक्सेलचं आहे आणि त्यात इमारतीने 1600 पिक्सेल व्यापलेत. म्हणजे एका पिक्सेलमध्ये दीड सेंटिमीटर भिंत मावते. पाटीवरचं अक्षर 30 सेंटिमीटर उंच असेल, तर त्याच्या वाट्याला जेमतेम 20 पिक्सेल येतात. मात्रेची जाडी दोन पिक्सेल, अनुस्वार त्याहून फारसा मोठा नाही. हँडलची नळी अडीच सेंटिमीटरची असेल, तर ती दोन पिक्सेलही भरत नाही. अपस्केलरला इथे वाचायला काही उरलेलंच नसतं. लिपी न येणाऱ्या माणसाने पुसट झेरॉक्सवरून पत्र उतरवून घ्यावं, तसा तो शिरोरेषेखाली अक्षरासारखं काहीतरी लोंबकळत ठेवतो.

इमारतीचा फलक 20 फूट रुंद छापायचा असेल, तर चौपट केलेल्या 7680 पिक्सेलच्या चित्रात इंचाला 32 पिक्सेल पडतात. पाटीवरचं ते अक्षर फ्लेक्सवर अडीच इंचांचं होतं. सिग्नलला थांबलेल्या माणसाला ते वाचता येत नाही, हे त्याला स्पष्ट दिसतं. अपस्केलरची तीव्रता कमी केली, तर नवी भर पडणं थांबतं. पण मुळात नसलेलं अक्षर त्यातून परत येत नाही.

म्हणून पहिलं काम दुरुस्तीचं नाही, शोधाचं. फोटोशॉपमध्ये मूळ रेंडर साध्या पद्धतीने 7680 पिक्सेलपर्यंत ताणून खालच्या लेयरवर ठेवा, अपस्केल केलेलं वर ठेवा आणि वरच्या लेयरचा ब्लेंड मोड `Difference` करा. जिथे दोन्ही सारखे, तिथे काळं दिसतं. जिथे अपस्केलरने स्वतःचं काही घातलं, तिथे उजळ. पानांवरचा उजळपणा सोडून द्या. पाटी, दार, खिडकी यांवरचा प्रत्येक उजळ डाग तपासा.

आता पाटी. सीन हाताशी असेल, तर अक्षरं थ्रीडीतच नीट टेक्स्चर म्हणून लावा, आउटपुट 7680 वर न्या आणि फक्त पाट्यांच्या पट्ट्याचं रीजन रेंडर घ्या. सगळं चित्र त्या मापात काढायला रात्र लागत असेल. पट्टा तेवढा वेळ खात नाही. सीन नसेल, तर अक्षरं फोटोशॉपमध्ये लिहावी लागतात. जुन्या आवृत्त्यांत `Preferences > Type` मध्ये जाऊन `World-Ready Layout` निवडल्याशिवाय देवनागरी नीट जुळत नाही : ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर येते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. मजकूर स्मार्ट ऑब्जेक्ट करून पाटीच्या चार कोपऱ्यांना बसवा. मग मूळ पाटीवर छज्ज्याची जी सावली पडली होती, ती `Multiply` लेयरने अक्षरांवरूनही जाऊ द्या. सावली पाटीवर आणि अक्षरं मात्र लख्ख, असं झालं की ती चिकटवलेली आहेत हे लगेच कळतं. शेवटी जेमतेम पिक्सेलभर ब्लर आणि शेजारच्या भिंतीइतकाच ग्रेन. फ्लेक्सवाल्याकडे फाइल पाठवण्याआधी मजकुराचा शेप करून टाका, नाहीतर त्याच्याकडे तो फाँट नसला की अक्षरं बदलतात.

पाट्या मराठीत आणि देवनागरीतच हव्यात. 2022 च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या सगळ्या दुकानांना ते बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. चित्रातल्या दुकानांची नावं काल्पनिक ठेवा. खऱ्या ब्रँडची पाटी लावली, तर तो गाळा त्यांनी घेतलाय असा अर्थ निघतो.

हँडलची चूक नजरेतून निसटते, कारण दार एकूण ठीक दिसतं. तीन गोष्टी पाहायच्या. हँडल बिजागरीच्या बाजूला तर गेलं नाही ना? जमिनीपासून साधारण एक मीटरवर आहे ना? आणि त्याची सावली दारावर पडते ना? अपस्केलर हँडलचं वरचं टोक चौकटीत विरघळवतो किंवा एकाच फळीला दोन हँडलं देतो. इथेही रीजन रेंडर सर्वांत उत्तम. ते जमत नसेल, तर चित्रातलं एखादं चांगलं हँडल उचलून लावता येतं, पण दोन फळ्यांच्या दारासाठी ते आडवं उलटवलं, की चकाकीही उलटते. ऊन डावीकडून येत असताना एका नळीची चकाकी डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे दिसते. त्यामुळे आकार उलटवा, चकाकी आणि सावली मात्र पुन्हा उन्हाच्या दिशेने रंगवा.

खिडक्यांत दोन वेगळे दोष एकत्र दिसतात आणि त्यांचे उपाय उलट आहेत. अनेक अपस्केलर चित्राचे तुकडे पाडून काम करतात. तुकडा 1024 पिक्सेलचा असेल आणि आपली दीड मीटरची खिडकी मोठ्या चित्रात 400 पिक्सेलची असेल, तर एका तुकड्यात लागून असलेल्या अडीचच खिडक्या येतात. तिसऱ्या खिडकीचं अर्धं ग्रिल एका अंदाजाने, अर्धं दुसऱ्या अंदाजाने बनतं आणि मध्ये गज दुहेरी दिसतात. दुसरीकडे, मॉडेलमध्ये सगळ्या खिडक्या एकाच ब्लॉकच्या प्रती असतात, म्हणून आतला पडदा सगळीकडे त्याच घडीने पडतो आणि अपस्केलर ती घडी आणखी ठळक करतो.

खऱ्या इमारतीत चौकट आणि ग्रिल सारखं असतं. आतलं घर वेगळं असतं. तेव्हा एक निर्दोष चौकट निवडून ती सगळ्या 24 खिडक्यांना द्या आणि आतल्या भागाचे पाचेक प्रकार करा : पडदा ओढलेला, अर्धा सरकवलेला, दिवा लागलेला, एक तावदान उघडं, नुसता अंधार. एकच प्रकार शेजारी किंवा थेट वरखाली येऊ देऊ नका. काचेतलं प्रतिबिंब मात्र या कॉपीत घेऊ नका. वरच्या मजल्याच्या काचेत आकाश असतं, खालच्यात समोरची झाडं आणि घरं. वरची काच खाली आणली, की पहिल्या मजल्यावर आकाश उगवतं. प्रतिबिंबाचा रेंडर पास वेगळा काढून सगळ्यांवर एकदमच घाला.

हे सगळं मास्कशिवाय होत नाही. आयडी पास लहान मापात काढून ताणला, तर त्याच्या कडांना पायऱ्या पडतात. त्यात प्रकाशाचा हिशेब नसतो, म्हणून तो थेट 7680 वरच पुन्हा काढा. काही मिनिटांचं काम आहे.

शेवटी मंजूर नकाशा शेजारी घेऊन खिडक्या, गॅलऱ्या आणि दारं मोजा. अपस्केलरने एखाद्या कोपऱ्यात जादा तावदान काढलेलं असू शकतं. रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते, आणि फलकावरचं चित्र हीसुद्धा जाहिरातच आहे. मोजणी जुळली, की पाट्यांचा दोन फुटी तुकडा मूळ मापात फ्लेक्सवर छापून घ्या आणि दहा पावलांवरून वाचा. मगच पूर्ण फलक छपाईला सोडा.

पुढच्या भागात : फुटपाथवरची माणसं आणि त्यांचे हात.