दूरच्या सर्व्हरच्या पत्त्यावरून ब्राउझिंग

लॉजचं वायफाय वापरताना आपण कोणत्या साइटवर जातो, हे ते चालवणाऱ्याला दिसू शकतं. जर्मनीत भाड्याने घेतलेला छोटा लिनक्स सर्व्हर असेल, तर लॅपटॉपवर एवढी एकच ओळ पुरते:

```
ssh -N -D 1080 user@server
```

`user` आणि `server` यांच्या जागी आपली नावं घालायची. `-D` मुळे लॅपटॉपवरच 1080 या पोर्टवर सॉक्स प्रॉक्सी उभी राहते. तिच्याकडे आलेली प्रत्येक विनंती कूटबद्ध होऊन सर्व्हरवर पोचते आणि तिथून इंटरनेटवर जाते. `-N` म्हणजे तिकडे कोणतीही आज्ञा चालवू नकोस. म्हणून खिडकी नुसतीच थांबलेली दिसते, आणि तसंच दिसायला हवं.

मग फायरफॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये प्रॉक्सी स्वतः भरायचा पर्याय निवडून सॉक्स होस्ट `127.0.0.1`, पोर्ट `1080` आणि आवृत्ती ५ द्यायची. आपला आयपी पत्ता दाखवणारी साइट उघडली की जर्मनीतला पत्ता दिसतो.

इथेच बरेच जण समाधान मानतात, पण साइटचं नाव शोधणारी डीएनएसची विचारणा अजूनही लॉजच्या वायफायवरून जात असू शकते. त्यासाठी तिथलाच `Proxy DNS when using SOCKS v5` हा पर्याय चालू आहे ना, हे जरूर पाहावं. बोगदा तुटला की पानं उघडणं थांबतं.

हा बोगदा फक्त ब्राउझरपुरता आहे. बाकीची अ‍ॅप्स जुन्याच वाटेने जातात. सर्व्हरच्या पुढे मात्र संरक्षण एचटीटीपीएसचंच, आणि सर्व्हर आपल्या नावावर असल्याने भाड्याने देणाऱ्या कंपनीला आपण कोण हे ठाऊक असतं.