रिकॉलची सूचना आणि तिचा सारांश : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुलै २०१८ मध्ये वाल्सार्टन या रक्तदाबावरील औषधाच्या काही गोळ्या अमेरिकेत परत मागवण्यात आल्या, कारण चीनमधील झेजियांग हुआहाय कंपनीच्या मूळ औषधद्रव्यात एनडीएमए ही कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेली अशुद्धी आढळली होती. अशा सूचनेचा सारांश गुणवत्ता विभागात कसा करावा, याविषयीचे काही गैरसमज या प्रकरणाच्या आधारे स्पष्ट होतात.

औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक टिपले की बाधित माल निश्चित होतो, हा पहिला समज. वस्तुतः सर्व वाल्सार्टन बाधित नव्हते. ते कोणत्या कंपनीचे, यावर सारे अवलंबून होते. शिवाय मोठ्या डब्यातील गोळ्या लहान बाटल्यांत भरून विकणारे, म्हणजे पुनर्वेष्टन करणारे व्यावसायिक बाटलीवर स्वतःचा बॅच क्रमांक छापू शकतात, आणि मग मूळ क्रमांकाने साठ्याची नोंद शोधल्यास बाधित माल असूनही तो सापडत नाही. म्हणून सारांशात उत्पादक, मात्रा, वेष्टनाचा आकार, मुदत आणि दोन्ही बॅच क्रमांकांची सांगड अशी नोंद हवी. सूचनेत ‘मुदतीतील सर्व बॅचेस’ असे असेल, तर हातातील मोजक्या क्रमांकांची यादी त्याऐवजी देणे ही सरळ चूक ठरते.

रिकॉल म्हणजे वापर ताबडतोब थांबवणे, हा दुसरा समज अधिक घातक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रुग्णांना पर्यायी औषध मिळेपर्यंत गोळ्या चालू ठेवण्यास सांगितले होते, कारण उपचार अचानक तुटण्याचा धोका तात्कालिक होता. उलट अशुद्धीचा धोका, प्रशासनाच्या अंदाजानुसार, सर्वाधिक म्हणजे ३२० मिलिग्रॅम मात्रा रोज चार वर्षे घेणाऱ्या ८,००० जणांमागे कर्करोगाचा एक अतिरिक्त रुग्ण, एवढा होता. सारांशात ‘वापर बंद’ हे दोन शब्द आले असते, तर मूळ सूचनेचा अर्थच उलटला असता. विक्रेत्याने माल बाजूला काढणे आणि रुग्णाने औषध बदलून घेणे या दोन कृती म्हणूनच वेगळ्या लिहाव्या लागतात.

कळवण्याची जबाबदारी केवळ उत्पादकाची, हा तिसरा समज. मंजुरीप्राप्त औषधाच्या वितरित बॅचमध्ये दूषितता आढळल्यास मंजुरीधारकाने, माहिती मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत प्रशासनाला कळवावे, असा अमेरिकी नियम आहे. रिकॉलचा वर्ग, म्हणजे धोक्याची पायरी, प्रशासन ठरवते. ती जाहीर होईपर्यंत सारांशातील तो रकाना अंदाजाने भरू नये. वितरकाने मात्र पुढच्या ग्राहकांना सूचना पोचवायची असते आणि प्रतिसादपत्रक मागितले असल्यास साठा शून्य असला तरी ते परत पाठवायचे असते. अन्यथा रिकॉलच्या परिणामकारकतेच्या तपासणीत त्याची गणना उत्तर न देणाऱ्यांत होते.