तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत: न पडलेल्या फ्लॅशचा हंगाम

कॅमेरे आणि फ्लॅश दुरुस्त करणाऱ्याचं वर्ष पंचांगावर चालतं. तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतात आणि दुकानात फ्लॅश यायला लागतात. यंदाचा हंगाम संपल्यावर मी दुरुस्तीची वही मागे जाऊन वाचली. तक्रारीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच वाक्य होतं, ‘फ्लॅश पडत नाही’. कारणं मात्र महिन्यागणिक बदलत गेली होती, आणि खरोखर जळालेले फ्लॅश त्यात फारच थोडे होते.

कार्तिकात आलेले फ्लॅश पावसाळाभर बॅगेत पडून राहिलेले होते. अशा फ्लॅशची पहिली परीक्षा कॅमेऱ्याशिवाय करायची. मागचा दिवा लागू द्यायचा आणि टेस्टचं बटण दाबायचं. प्रकाश पडला तर ट्यूब, सर्किट आणि सेल ठीक आहेत, म्हणजे दोष फ्लॅश आणि कॅमेऱ्याच्या सांध्यात किंवा सेटिंगमध्ये आहे. नाहीच पडला तर आधी सेलकडे बघायचं. या एका बटणाने निम्मी वाट कमी होते, तरीही ते न दाबता लोक थेट ‘ट्यूब गेली’ म्हणून येतात.

कार्तिकातल्या बहुतेक फ्लॅशनी टेस्टला झकास उजेड दिला. दोष हॉट शूमध्ये होता. शूच्या मधोमध असतो तो मोठा गोल ठिपका फ्लॅशला ‘पड’ एवढंच सांगतो आणि बाजूची धातूची पट्टी ते सर्किट पुरं करते. भोवतीचे बारीक ठिपके टीटीएलच्या बोलण्यासाठी असतात. किती उजेड हवा, हे त्यांच्यातून कळतं. त्यामुळे नुसतं ‘पडत नाही’ ऐकून भागत नाही, कसा पडत नाही हे विचारावं लागतं. फ्लॅश अजिबात पडत नसेल तर मधला ठिपका किंवा बाजूची पट्टी बघावी. पडतो, पण टीटीएलवर प्रत्येक फोटो पांढराफटक येतो, अशी तक्रार असेल तर बारीक ठिपके मळलेले असण्याची शक्यता मोठी. संवाद तुटला की फ्लॅश आपण एखाद्या साध्या कॅमेऱ्यावर बसलोय असं समजतो आणि बहुतेकदा पूर्ण ताकदीने पडतो.

घामाच्या हातांचा थर, दमट हवेने चढलेला काळपटपणा, हळदीच्या कार्यक्रमातली पूड हे सगळं त्या ठिपक्यांवर बसतं. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन पुसलं की बहुतेक काम होतं. डाग हट्टी असेल तर पेन्सिलीचा मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवावा आणि त्याचा भुगा झटकून टाकावा. पॉलिश पेपर कधीही लावू नये, कारण वरचा मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट वेगाने चढतो. फ्लॅशच्या पायाखालच्या पिना बोटाने दाबून उसळून वर येतात ना, हेही बघावं. एखादी आत अडकली असेल तर कितीही पुसून उपयोग नाही.

मार्गशीर्षात नवी खरेदी घेऊन आलेली मुलं भेटली, आणि त्यांच्यासोबत सेटिंगचे घोळ. एक मुलगा ओळीने सांगू लागला, “काका, नवा फ्लॅश, नवे सेल, टेस्टला पडतो, कॅमेऱ्यावर नाही.” ठिपके आरशासारखे चकचकीत होते. कॅमेरा मिररलेस होता आणि सप्तपदीच्या वेळी आवाज नको म्हणून त्याने सायलेंट शटर लावलं होतं. ते शटर सेन्सर एकेक ओळ करून वाचतं आणि फ्लॅशचा उजेड त्याच्यापुढे फार क्षणिक असतो. तो पडला असता तर फोटोत उजेडाचा फक्त एक पट्टा आला असता, म्हणून बहुतेक मिररलेस कॅमेरे त्या वेळी फ्लॅश बंदच ठेवतात. मेकॅनिकल शटर लावल्याबरोबर फ्लॅश पडला. अशीच आणखी दोन ठिकाणं कायम तपासायची. पहिलं कॅमेऱ्याच्या मेनूतलं Flash firing, जे चुकून Disable वर जातं. दुसरं फ्लॅशवरचं S1 किंवा S2. तिथे फ्लॅश शूकडे लक्ष न देता दुसऱ्या फ्लॅशच्या उजेडाची वाट बघत बसतो.

एक कारण मात्र ना मळाचं ना सेटिंगचं. कॅननच्या 2019 च्या ईओएस 200डी मार्क टू या कॅमेऱ्याच्या शूमध्ये मधला मोठा ठिपकाच नाही. फक्त त्या एका ठिपक्यावर चालणारे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि जुने ट्रिगर त्यावर पडणारच नाहीत. तो कॅमेरा आपल्याकडे नव्या मुलांच्या हातात भरपूर आहे. विकणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मी शू उघडून काही करू शकत नाही. कॅननच्या भाषेत बोलणारा फ्लॅश किंवा ट्रिगर घेणं एवढाच मार्ग उरतो.

पौषात मुहूर्त थांबतात. माघ-फाल्गुनात पुन्हा गर्दी उसळली आणि आता तक्रारीचा सूर वेगळा होता: फ्लॅश पडतो, पण ऐन अक्षतांच्या वेळी पडत नाही. एकाने त्या क्षणाचे चार फोटो दाखवले. पहिला उजळ, पुढचे दोन काळे, चौथा अर्धवट. यात बिघाड कुठलाच नव्हता. फ्लॅशमधला कपॅसिटर एकदा रिकामा झाला की पुन्हा भरायला वेळ लागतो, तो रिसायकल टाइम. पूर्ण ताकदीला चार ताज्या सेलवर साधारण तीन सेकंद धरा, दमलेल्या सेलवर सहा-सात. मागचा दिवा तर कपॅसिटर पूर्ण भरण्याआधीच लागतो, म्हणून चौथा फोटो अर्धवट.

त्याची सेटिंग आयएसओ 400, एफ 5.6, आणि कार्यालयाच्या उंच छतावर बाउन्स केलेला फ्लॅश पूर्ण ताकदीवर. आम्ही आयएसओ 1600 केला, म्हणजे दोन स्टॉप मिळाले, आणि एफ 4 घेऊन आणखी एक. तीन स्टॉप म्हणजे फ्लॅशला आता एक अष्टमांश ताकद पुरते. तेवढ्यात कपॅसिटर जवळजवळ भरलेलाच राहतो आणि ओळीने फोटो निघतात. अक्षतांना दुसरी संधी नसते, तिथे थोडा ग्रेन पत्करावा, काळा फोटो नव्हे.

सेलबाबतही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेलवर 1.2 व्होल्ट लिहिलेलं असतं, अल्कलाइनवर 1.5. म्हणून लोक अल्कलाइन जोरदार समजतात. फ्लॅशला एकदम मोठा करंट लागतो आणि तो रिचार्जेबल सेल जास्त सहज देतात, म्हणून फ्लॅश लवकर भरतो. मात्र चारही सेल एका वयाचे हवेत. एक म्हातारा सेल बाकी तिघांनाही त्याच्याच चालीने चालवतो. चौघांच्या अंगावर एकाच नंबरची खूण करून ते कायम एकत्र वापरावेत आणि एकत्रच बदलावेत.

वैशाखात गरमी आली. मांडवात, उन्हाच्या तिरिपीत, पूर्ण ताकदीने सलग मारलेले फ्लॅश स्वतःहून थबकतात. ट्यूब आणि सर्किट जळू नये म्हणून त्यांच्यात तापमानाचं संरक्षण असतं आणि ते चालू झालं की रिसायकल मुद्दाम लांबवलं जातं. त्या वेळी सेल बदलून काही होत नाही. फ्लॅश सावलीत काही मिनिटं थंड होऊ द्यावा आणि दुसरा लावावा. उघडून बघण्याचा मोह मात्र टाळावा. आत सुमारे 300 व्होल्टचा कपॅसिटर असतो आणि सेल काढल्यावरही तो चार्ज धरून राहतो.

आता आषाढ लागला आहे. दुकानात ठेवायला आलेल्या फ्लॅशमधून मी पहिल्यांदा सेल काढतो, कारण फुटलेल्या सेलचा पांढरा क्षार डब्यातल्या स्प्रिंगा खातो. मग पाय पुसून सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवतो. महिन्यातून एकदा त्यांना सेल घालून चालू करतो, थोडा वेळ चार्ज राहू देतो आणि चार-दोन वेळा टेस्ट मारतो, कारण पडून राहिलेला कपॅसिटर सुस्तावतो. पहिली पाळी श्रावणाच्या तोंडावर आहे.