मेमधली पुस्तकं जानेवारीत लागतात

हॉस्टेलच्या खोलीत तिघीजणी, तीन कॉट आणि दोन कपाटं. सेमिस्टर संपली की कॉटखाली पाच-सहा पुस्तकांचा गठ्ठा उरतो, आणि खोली सोडायच्या आदल्या दिवशी तो रद्दीत जातो. वजन तीनेक किलो. दीड हजारांच्या पुस्तकांचे हातात येतात चाळीस-पन्नास रुपये.

ज्युनियरला का नाही दिली? पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना विचारा, अडतं ते वेळेवर. चौथ्या सेमिस्टरची पुस्तकं मे-जूनमध्ये मोकळी होतात; ज्युनियरची चौथी सेमिस्टर सुरू होते जानेवारीच्या सुमारास. मधले सहा महिने गठ्ठा ठेवायचा कुठे?

याला एक छान अपवाद आहे. पहिल्या वर्षाला निम्म्या तुकड्यांना आधी फिजिक्स आणि मग केमिस्ट्री असते, उरलेल्यांना उलटं. म्हणजे डिसेंबरात पेपर संपले की एकाच मजल्यावरच्या दोन मुली पुस्तकांची थेट अदलाबदल करू शकतात. पैशांचा प्रश्नच नाही. हे करायचं ते शेवटचा पेपर आणि घरी जायची गाडी यांच्या मधल्या दोन दिवसांत. सुट्टीनंतर कोण कुठल्या तुकडीत होतं हेही आठवत नाही.

दुसऱ्या वर्षापासून मात्र साठवणीला पर्याय नाही. शाखेमागे एक पत्र्याची पेटी पुरते. ती पुण्यातच घर असलेल्या एखाद्या मैत्रिणीकडे ठेवायची. पुस्तकाची किंमत छापील किमतीच्या चाळीस टक्के धरू. चारशेचं पुस्तक एकशेसाठला. अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक विकायला गेलात तर याहून कमी मिळतं, कारण दुकानदाराला त्यावर आपला नफा काढायचा असतो.

पेटीत टाकण्याआधी मुखपृष्ठ बघा. त्यावर 2019 पॅटर्न की 2024 पॅटर्न, हे छापलेलं असतं. नवा पॅटर्न दरवर्षी एकेक इयत्ता वर चढतो, आणि तो ज्या वर्षाला पोचला त्या वर्षाची जुनी पुस्तकं ज्युनियरला फारशी उपयोगाची उरत नाहीत. ती घेतात बॅक राहिलेली मुलं, तीही नाइलाजाने. ग्रेवालचं गणित मात्र कुठल्याही पॅटर्नमध्ये चालतं. असं पुस्तक मी तरी विकणार नाही. 2019 पॅटर्नमध्ये एंड-सेमचे 70 गुण युनिट तीन ते सहावर होते, म्हणून घेताना तीच पानं चाळायची. फाटलेली असतात तीच.

नोट्सचं वेगळं. मूळ वही स्वतःकडे ठेवून झेरॉक्स द्यावी, पण त्याआधी पानांना क्रमांक घालावेत. दुकानात एक पान उलटंसुलटं झालं की डेरिव्हेशन मधेच तुटतं, आणि ते कळतं परीक्षेच्या आदल्या रात्री. पहिल्या पानावर शिकवणाऱ्या सरांचं नाव आणि साल लिहावं. सर बदलले की अर्धी वही बदलते.