बादलीची गोष्ट कापू नका

गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणाऱ्या एका ठेकेदाराला आपल्या कामाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ हवा आहे, असं समजू. वरच्या मजल्यावरच्या एक काकू कामावर खूश आहेत आणि बोलायलाही तयार आहेत. अशा वेळी बहुतेक ठिकाणी त्यांच्या हातात एक कागद दिला जातो: ‘मी या कंपनीच्या सेवेने अत्यंत समाधानी आहे. त्यांची टीम कुशल असून काम दर्जेदार व वेळेत पूर्ण करते.’ काकू ते पाठ करून कॅमेऱ्यापुढे म्हणतात आणि बघणाऱ्याला पहिल्याच वाक्यात कळतं की हे शब्द त्यांचे नाहीत. ‘अत्यंत’, ‘असून’, ‘व’ हे शब्द घरात कोणी बोलत नाही. शिवाय हाच मजकूर रंगाऱ्यालाही चालेल आणि केटररलाही.

खरी स्क्रिप्ट काकूंच्या बोलण्यातच असते. त्यासाठी आधी त्यांची परवानगी घेऊन फोनवर गप्पा रेकॉर्ड कराव्यात. ‘काम कसं वाटलं?’ असं विचारलं तर ‘छान’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी आधी काय त्रास होता, काम देताना मनात काय शंका होती, खात्री नेमकी कशानं पटली आणि आता घरात काय बदललं, हे विचारावं. मग रेकॉर्डिंग जसंच्या तसं उतरवावं, अडखळणंही न गाळता. ते साधारण असं निघेल:

‘अहो, आमचा वरचा मजला ना, तर जून लागला की बेडरूमच्या कोपऱ्यात बादली. म्हणजे ठरलेलीच. आधी एकाकडून करून घेतलं होतं, तर दुसऱ्याच पावसात परत ओल आली. म्हणून ह्यांना मी म्हटलं, आता परत पैसे घालवायचे नाहीत. पण मग त्या मुलांनी गच्चीत दोन दिवस पाणी भरून ठेवलं आणि मला बोलावून छत दाखवलं. कोरडं होतं. माणसं चांगली आहेत हो, काम पण चांगलं. आता दोन पावसाळे झाले. बादली मी देऊन टाकली.’

आता फक्त कापायचं. वाक्यं पुढंमागं करायला हरकत नाही, पण आपला एकही शब्द घालायचा नाही. मोकळ्या बोलण्यात अर्ध्या मिनिटात साठेक शब्द मावतात. त्यात सगळ्यात आधी जातं ते कौतुक: ‘माणसं चांगली, काम चांगलं.’ ठेकेदाराला नेमकं तेच वाक्य प्रिय असतं, पण ते कोणाबद्दलही म्हणता येतं. राहते ती शंका, पाण्याची चाचणी आणि बादली:

‘आमचा वरचा मजला. जून लागला की बेडरूमच्या कोपऱ्यात बादली, ठरलेलीच. आधी एकाकडून करून घेतलं होतं, तर दुसऱ्याच पावसात परत ओल आली. ह्यांना मी म्हटलं, आता परत पैसे घालवायचे नाहीत. पण मग त्या मुलांनी गच्चीत दोन दिवस पाणी भरून ठेवलं आणि मला बोलावून छत दाखवलं. कोरडं होतं. आता दोन पावसाळे झाले. बादली मी देऊन टाकली.’

पैसे घालवायचे नाहीत, हे वाक्य ठेकेदार काढायला सांगेल. ते काढू देऊ नये. बघणाऱ्याच्या मनातही तीच धास्ती असते आणि ती बोलून दाखवल्यामुळंच पुढचं कोरडं छत पटतं. कंपनीचं नाव काकूंच्या तोंडी घालण्यापेक्षा पडद्यावर खाली लिहिलेलं बरं.

कापताना अर्थ मात्र बदलता कामा नये. काकू ‘दोन पावसाळे’ म्हणाल्या, तर व्हिडिओत ‘कायमची सुटका’ येऊ नये. हा कायद्याचाही प्रश्न आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जाहिरातीत शिफारस करणाऱ्याचं मत खरं, अलीकडचं आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं हवं. काकू ठेकेदाराच्या नात्यातल्या असतील किंवा त्यांना बिलात सूट मिळाली असेल, तर तेही स्पष्ट सांगावं.

चित्रीकरणाच्या दिवशी ही स्क्रिप्ट काकूंच्या हातात देऊ नये. ती आपल्यासाठी असते, काय काय यायला हवं ते लक्षात राहावं म्हणून. विचारणाऱ्यानं कॅमेऱ्याच्या शेजारी बसावं आणि तेच प्रश्न पुन्हा विचारावेत, म्हणजे काकू माणसाशी बोलतात. शब्द थोडे बदलतील, ते बदलू द्यावेत. फार वेळा पुन्हा बोलायला लावलं की वाक्यं पाठ होतात आणि आवाज सपाट होतो, त्यामुळं सुरुवातीचंच चित्रीकरण बहुधा कामाला येतं. तयार व्हिडिओ आधी काकूंना दाखवावा आणि त्यांना खटकलेलं वाक्य काढून टाकावं.

आणि चारही प्रश्न विचारून ‘छान झालं’ यापलीकडं काहीच हाती लागलं नाही, तर त्या गिऱ्हाइकाचे आभार मानावेत आणि दुसऱ्याशी बोलावं. रिकामी जागा आपल्या शब्दांनी भरू नये.